गुणक पाच? गळती मोजा

सरकारी खर्चाच्या किती पट राष्ट्रीय उत्पन्न वाढते, तो आकडा म्हणजे गुणक. त्याचा नेहमीचा हिशोब असा:

«लोक मिळकतीतले ८० टक्के खर्च करतात, म्हणून सरकारने रस्त्यावर घातलेल्या १०० कोटींमुळे राष्ट्रीय उत्पन्न ५०० कोटींनी वाढते.»

एकाचा खर्च दुसऱ्याची मिळकत बनतो आणि दर फेरीत काही पैसा या साखळीतून गळतो. हा हिशोब फक्त बचतीची गळती धरतो. कर आणि आयात कुठे गेली? समजा कर २५ टक्के आहे आणि उपभोगाचा चौथा हिस्सा परदेशी मालावर जातो. १०० कोटी मिळकतीतले २५ कर म्हणून गेले, हातात ७५ राहिले. त्याचे ८० टक्के, म्हणजे ६० खर्च झाले. त्यातले १५ आयातीत गेल्याने देशातल्या कुणाची तरी मिळकत बनले फक्त ४५. पुढच्या फेरीत २०, मग ९, मग ४, असे घटत जाते. पहिले १०० धरून सगळ्या फेऱ्यांची बेरीज साधारण १८२ कोटी, म्हणजे गुणक १.८. चौथ्या फेरीअखेरच १७४ कोटी जमा झालेले असतात. हो, गळतीतला कर मात्र वाया जात नाही: १८२ च्या २५ टक्के, म्हणजे सुमारे ४५ कोटी सरकारकडे परततात आणि तूट ५५ कोटींचीच उरते.

आणखी एक. हेच १०० कोटी रस्त्याऐवजी करमुक्त रोख मदत म्हणून वाटले, तर पहिली फेरी १०० ची धरता येत नाही, कारण मदत म्हणजे उत्पादन नव्हे. ८० खर्च होतात, २० आयातीत जातात, साखळी ६० पासून सुरू होते आणि १०९ वर थांबते. अर्थात हे सारे कामगार आणि यंत्रे रिकामी असतील तरच. नाहीतर वाढतात त्या मुख्यतः किमती.