नवी रॅम दिसत नसेल, तर दोष स्टिकवर टाकण्याआधी

«नवी रॅम टाकूनही दाखवत नसेल तर स्टिक खराब, नाहीतर बोर्ड गेला. डीडीआर-४ असली की कोणतीही चालते. जुन्या स्टिकच्या शेजारी टाका, दोन झाल्या की ड्युअल चॅनल आपोआप होतं. तरीही नाही आली तर खोडरबरने घासा.»

नवी रॅम दिसली नाही की असा सल्ला मिळतो. त्यातल्या खोडरबरापासून सुरुवात करतो, कारण नुकसान तिथेच होतं. अनेक वर्षं धुळीत बसलेल्या स्टिकच्या पिवळ्या पट्ट्यांवर थर चढतो आणि तो पुसल्यावर कधी कधी डिस्प्ले परत येतोही. पण पाकिटातून आत्ताच काढलेल्या स्टिकवर पुसण्यासारखं काही नसतं. उलट सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवीच भानगड उभी राहते.

नव्या स्टिकच्या बाबतीत खरी अडचण बहुतेक वेळा बसवण्यात असते. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला उघडणारी क्लिप असते, दुसरं टोक पक्कं. क्लिपच्या बाजूला ‘टक’ आवाज आला की काम झालं असं वाटतं, आणि पक्कं टोक अर्धा-एक मिलिमीटर वरच राहतं. डीडीआर-४च्या स्टिकची खालची कड मधे किंचित फुगीर असते, म्हणून ती स्लॉटबाहेर वाकडी दिसते. त्यावरून अंदाज बांधू नका. बसवल्यावर स्टिकची वरची कड बाजूच्या स्टिकशी समांतर आहे ना, ते बाजूने डोळा लावून पाहा. दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा, सरळ दाब द्या. त्याआधी भिंतीवरचं बटण बंद करा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या.

आता «कोणतीही चालते». डीडीआर-३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे चुकीची पिढी सरळ बसतच नाही. जोर लावू नका. फसगत होते ती बसणाऱ्या स्टिकमध्ये. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड डीडीआर-४ स्वस्तात मिळते, स्लॉटमध्ये नीट बसते, पण साध्या घरगुती बोर्डावर चालत नाही. ही खराब रॅम नाही, आपल्या बोर्डासाठीची नाही. लेबलवर ‘RDIMM’ किंवा ‘R’ दिसतंय का, ते पैसे देण्याआधी वाचा. वेग वेगळे असले तर मात्र सहसा चालतं: २६६६ आणि ३२०० एकत्र लावल्या की दोन्ही २६६६ वर धावतात.

माझ्या भाचीच्या चार स्लॉटच्या बोर्डावर हेच झालं. दुसऱ्या स्लॉटमध्ये ८ जीबीची २६६६ होती. तिने ३२०० ची ८ जीबी आणून प्रोसेसरजवळच्या पहिल्या स्लॉटमध्ये, म्हणजे अगदी शेजारी बसवली. आधी विंडोज ८ जीबीच दाखवत होतं, कारण पक्कं टोक वर होतं. नीट दाबल्यावर १६ झालं. पण CPU-Z या प्रोग्राममध्ये Memory टॅबवर चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधली वाट, ‘Single’ होता. कारण शेजारचे दोन स्लॉट, A1 आणि A2, एकाच चॅनलचे असतात. नवी स्टिक चौथ्या, म्हणजे B2 मध्ये हलवल्यावर ‘Dual’ आलं. बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर दोन स्टिक A2 आणि B2 मध्येच लावायच्या, म्हणजे प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. तरी बोर्डाच्या पुस्तिकेतलं चित्र अंतिम. २६६६ वर एका चॅनलला सेकंदाला सुमारे २१ जीबीची वाट असते, दोनला ४२. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर गेममध्ये हा फरक ठळक जाणवतो, टायपिंग-ब्राउझिंगमध्ये फारसा नाही.

स्टिक दिसतच नसेल तर जुनी काढा आणि नवी एकटीच A2 मध्ये लावा. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काळी राहते. डीडीआर-५ वर काही मिनिटंसुद्धा, तेव्हा घाईने बंद करू नका. एकटी चालली तर स्टिक चांगली आहे. मग जुनी एकटी B2 मध्ये लावून पाहा. एकही स्टिक B2 मध्ये दिसत नसेल, तर संशय त्या चॅनलवर जातो: प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकडी पिन, किंवा एका बाजूने जास्त आवळलेला कूलर. कूलरचे स्क्रू सैल करून सारखे कसल्यावर गायब झालेला चॅनल परत आलेला मी पाहिला आहे.

दोन्ही एकेकट्या चालतात, एकत्र चालत नाहीत, असं असेल तर बायोसमधलं XMP, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग, बंद करा. ते एका स्टिकचा वेग आणि टायमिंग दुसरीवर लादतं. बंद केल्यावर बोर्ड दोघींना झेपेल असा वेग निवडतो.

आणि Task Manager मध्ये Performance, Memory या पानावर ‘Slots used’ दोन दाखवतंय पण वापरायला मिळणारी रॅम कमी आहे, अशा वेळी ‘Hardware reserved’ चा आकडा पाहा. तो काही जीबी असेल, तर msconfig मध्ये Boot, Advanced options इथे ‘Maximum memory’ वर टिक आहे का ते बघा आणि असेल तर काढा. नसेल, तर स्टिक पुन्हा काढून बसवा.