झोपताना १४०, पहाटे ५२
‘रात्री न जेवता तीन पेग झाले, झोपताना साखर १४० होती. पहाटे ५२ कशी?’

यकृत रात्रभर साठ्यातली साखर सोडतं आणि नवी बनवतंही. दारू आली की ते तिचाच निचरा करत बसतं, नवी साखर बनणं मंदावतं. पोट रिकामं असेल तर साठाही लवकर आटतो. मधुमेहासाठी घेतलेलं इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी मात्र साखर उतरवतच राहते. म्हणून घसरण कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही येते. निपाणी-खानापूरकडे नुसत्या शेंगदाण्यांवर बसायची सवय आहे, ती इथे पुरत नाही. आधी भाकरी-आमटी किंवा भात खा, झोपताना साखर तपासा, १०० च्या खाली असेल तर आणखी खा, पहाटे पुन्हा तपासा.

घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की घरचे ‘चढलीय’ म्हणून झोपवतात, मला याचीच भीती वाटते. आधी बोटातून तपासा. ७० च्या खाली आणि शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, मग जेवण द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि दारू व औषध दोन्ही सांगा, कारण यकृतातला साठा संपल्यावर साखर वाढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शनही नीट लागू पडत नाही. शिरेतून ग्लुकोज लागतं.