डीप फ्राय मीम: फोटोचं वाटोळं केलं, हाच तर जोक आहे

परवा फॅमिली ग्रुपवर माझ्या भाच्यानं एक डीप फ्राय मीम टाकलं, म्हणजे ज्यातला फोटो मुद्दाम तळून खराब करतात ते, आणि काकांचा लगेच मेसेज, "अरे फोटो नीट पाठव, पूर्ण फुटून राहिला". आता फोटो नीट पाठवला असता तर त्यात हसण्यासारखं काही उरलंच नसतं, आणि हे मला नीट सांगायचंय, कारण माझं कामच फ्लेक्स डिझाईनचं आहे. लोक वाढदिवसाच्या बॅनरसाठी स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट आणून देतात आणि मी दिवसभर तेच फुटलेले पिक्सल सांभाळत बसतो.

मीम काय होतं तर ताईच्या गच्चीवरचा कूलर, गंजका पत्रा, खसची ताटी, मागं विटांची भिंत आणि खाली लिहिलेलं, "आज वातावरण बरं आहे". मे महिन्यातलं नागपूर. साध्या फोटोवर ही ओळ ठेवली तर टोमणा म्हणून ठीक, तीन सेकंदात विसरून जाल. पण तोच फोटो लालभडक जळालेला, अक्षरांभोवती कचरा, कूलर मधोमध फुगलेला, आणि ओळ मात्र तशीच शांत! शब्द हळू बोलून राहिले आणि चित्र किंचाळून राहिलं, हसू त्या दोघांच्या मधून येतं. म्हणून चित्र सुधारलं की जोक मेला.

पहिला प्रयत्न त्याचा फसला होता. एका ॲपमध्ये एक बटण दाबून त्यानं सगळं एकदम करून टाकलं, ताईनं बघितलं आणि विचारलं, "हे काय बे, मोबाईलवर हळद सांडली का?" कूलर ओळखूच येत नव्हता. मग माझ्याकडे आला, "मामा, काऊन नाही जमत?" आम्ही दुकानातच बसून परत केलं.

आधी सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा. भिंतीतल्या एका विटेचा रंग समजा लाल १९०, हिरवा ११०, निळा ८०. सॅच्युरेशन ओढलं की हे आकडे एकमेकांपासून पळतात, लाल २५५ ला जाऊन अडकतो, त्याच्या वर आकडाच नाही, आणि निळा शून्यावर पडतो. शेजारची थोडी फिकी वीट, तिचंही तेच. दोन विटांतला फरक गेला तो गेलाच, नंतर कितीही मागं ओढा, परत येत नाही. माणसाचा चेहरा असा तळला तर तोही केशरी लाल होतो, कारण आपल्या कातडीच्या रंगातही लाल सगळ्यात वर असतो.

मग जेपेग, म्हणजे फोटो दाबून लहान फाईलमध्ये सेव्ह करायची नेहमीची पद्धत, आणि इथं बहुतेक जण चुकतात. त्यांना वाटतं कमी क्वालिटीवर पन्नास वेळा सेव्ह केलं की फोटो सडत जाईल. नाही सडत. जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकातले बारकावे ठरलेल्या आकड्यांवर गोल करून टाकतं, आता गोल केलेला आकडा त्याच क्वालिटीवर परत गोल केला तर तोच येणार ना! म्हणून दोनचार सेव्हनंतर फोटो जवळपास थांबतो. दरवेळी त्याला हलवावं लागतं. आम्ही डावीकडून ३ पिक्सल कापले, सेव्ह, थोडा लहान केला, सेव्ह, परत मोठा केला, सेव्ह. चौकोन दरवेळी नव्या जागी पडतात आणि जुन्या जखमेवर नवी जखम होते. शार्पन त्यानंतर द्यायचं, आधी नाही. पापणी कुठली आणि जेपेगच्या चौकोनाची कड कुठली हे शार्पनला कळत नाही, तो दोन्ही सारख्याच धारदार करतो, आणि अक्षरांभोवती जी मच्छरांसारखी गर्दी दिसते ती अशीच वर येते. शेवटी नॉईज, म्हणजे रेतीसारखे दाणे, आणि मधोमध थोडा फुगवटा.

माझ्यासाठी खरी मजा अजून एक आहे. असा खराब फोटो बघितला की आपल्याला वाटतं हा हजार हातांतून फिरून आलाय, कोणीतरी स्क्रीनशॉट काढला, कोणी कापला, कोणी वर आपलं नाव टाकलं. टम्बलरवर २०१५ च्या आसपास आणि मग रेडिटवर पोरांनी हीच झीज मुद्दाम करायला घेतली. म्हणजे आज सकाळी काढलेला कूलरचा फोटो, दोन मिनिटांत दहा वर्षं म्हातारा! जी खूण फक्त फिरून फिरून यायची, ती फोटो कुठंच न फिरता लागली.

पण हद्द आहे. कूलर ओळखू आलाच पाहिजे, ओळ वाचता आलीच पाहिजे, त्याच्यापुढं तळलं की नुसता कोळसा. आम्ही ताटीची उभी आडवी जाळी दिसेल इतकंच ठेवलं आणि ओळ सगळं झाल्यावर वरून परत लिहून एकदाच सेव्ह केली, म्हणून ती मळली पण वाचता आली.

संध्याकाळी ताईला पाठवलं. तिनं पाचेक सेकंद फोन डोळ्यांजवळ धरला, मग म्हणाली, "अगं बाई, हा तर आपलाच कूलर!" आणि इतकी हसली की जावई चहा सोडून बघायला आले.