कॉल सेंटरला नारळ कसा द्यावा

तुमच्या शेतकरी कंपनीनं ठिबकच्या तक्रारी घ्यायचं काम पुण्याच्या कॉल सेंटरला दिलंय. 80 टक्के फोन 20 सेकंदांत उचलायचे असं करारात आहे, आणि यवतमाळकडचा कास्तकार सकाळी सात वाजता बांधावर उभा राहून तुमची ट्यून ऐकतोय. काढाच त्यांना. फक्त आमच्या पद्धतीनं काढा.

आधी त्यांचाच रिपोर्ट प्रमाण माना. समजा, दिवसात 200 फोन आले. 60 जणांनी कंटाळून 30 सेकंदांच्या आत ठेवले. ते धरायचेच नाहीत, कलमात तशी सोय आहे. उरले 140, वेळेत उचलले 115. म्हणजे 82 टक्के, पास! सगळ्या 200 वर भागलं तर साडेसत्तावनच निघतात, पण भागायला सांगितलंय कोणी? फोन लाइनचा कच्चा लॉग तर मुळीच मागू नका.

दर महिन्याचं बिल पूर्ण भरा. दंडाची कपात करून, एक निषेधाची ओळ लिहून कशाला संबंध बिघडवायचे? पुढे वकील म्हणेल, ‘तुम्हाला सेवा मान्य होती,’ तेव्हा मान डोलवायला बरं.

नोटीस व्हॉट्सॲपवर टाका: ‘उद्यापासून बंद.’ कोणत्या महिन्यात किती चुकलं ते लेखी कळवून सुधारायला 30 दिवस द्यायचे, हे कलम लिहिणाऱ्याला काय कामधंदा नव्हता. नंतर ते म्हणतील की तुम्ही विनाकारण करार तोडला, तीन महिन्यांचे पैसे टाका. टाका.

शेवटचा हप्ता आधी चुकता करा, मग रेकॉर्ड मागा. एक एक्सेल येईल: नाव, मोबाइल, ‘तक्रार निकाली’. ज्याचा फिल्टर आठवडाभर चोकअप आहे, तोही निकालीच. रेकॉर्डिंग्ज त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये वाजतात. बिलात मोजलेले फोन आणि हाती आलेल्या नोंदी जुळतात का, हे मोजायच्या भानगडीत पडू नका.

स्क्रिप्ट म्हणून करार झाला त्या दिवशीची पीडीएफ घ्या. ‘शेवटच्या तासाले पानीच नाही येत जी’ असं कोणी म्हटलं की आधी फिल्टर धुतला का विचारायचं, मग नळीचं टोक उघडून गाळ वाहू द्यायला सांगायचं, हे तिथल्या पोरींनी दोन हंगामांत फोनवरच शिकून त्यांच्या सिस्टिममध्ये भरलं. ते कुणाच्या मालकीचं, हे करारात लिहिलेलं नाही. छान. नवीन पोरी पुन्हा शिकतील, कापूस थांबेल.

राहिला टोल-फ्री नंबर. तो तुमच्या प्रत्येक खोक्यावर छापलाय, पुसद रोडच्या भिंतींवर रंगवलाय. कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, ते त्याच नंबरवर फोन करून विचारा. मराठीसाठी 2 दाबा.