‘ग्रेड ए’ लिहा आणि मोकळे व्हा

रिफर्बिश्ड लॅपटॉप विकायला काढताय? मग जाहिरात कशी लिहावी, हे आता मला चांगलंच कळलंय. परवाच एक ‘ग्रेड ए, अगदी नव्यासारखा’ लॅपटॉप घरी आलाय, त्याची कृपा.

पहिली गोष्ट, ‘ए’ म्हणजे काय हे चुकूनही लिहू नका. ही अक्षरं सगळ्यांसाठी ठरवून देणारं कुणी नाही, ज्याची त्याची पट्टी वेगळी. तुमचा ‘ए’ शेजारच्या दुकानात ‘बी’ असेल, पण गिऱ्हाईक थोडंच दोन्हीकडे विचारायला जातंय! शिवाय ग्रेड बहुतेकदा फक्त दिसण्याची असते. झाकणावर ओरखडा नाही, झाला ‘ए’. बिजागरी सैल आहे आणि पंखा खरखरतोय, हे ‘दिसत’ नाही ना? मग सोडून द्या.

फोटो कंपनीच्या साइटवरून उचला. खरा काढायचाच असेल तर स्क्रीनवर गडद वॉलपेपर लावा. पूर्ण पांढरा पडदा लावलात तर दाब पडून उठलेले फिकट डाग लगेच दिसतील.

आता बॅटरी. इथे ‘बॅकअप उत्तम’ एवढंच लिहायचं. आकडा द्यायचा नाही. कारण आकडा काढणं फार कठीण, फार खर्चिक काम आहे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ही एवढी ओळ टाइप करावी लागते:

```
powercfg /batteryreport
```

अहवालाची फाइल कुठे सेव्ह झाली तेही तिथेच लिहून येतं. त्यात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY असे दोन आकडे असतात. समजा पहिला ५०,००० आणि दुसरा ३१,००० मिलिवॅट-तास आहे. दुसऱ्याला पहिल्याने भागा, शंभराने गुणा: ६२ टक्के. सरासरी १० वॅट खाणारा लॅपटॉप नवा असताना पाच तास चालला असता, तो आता तीन तासांच्या जरा पुढे जाईल. चौथीतल्या मुलाला जमेल असा भागाकार आहे हा! आणि कुणी म्हणेल, हा आकडा बॅटरीतल्या चिपचा अंदाज असतो, बरेच महिने पडून राहिलेल्या बॅटरीत तो चुकतो. बरोबर आहे. म्हणून तर एकदा पूर्ण चार्ज करून, ठरावीक ब्राइटनेसवर व्हिडिओ लावून बंद पडेपर्यंत चालवायचा आणि मिनिटं लिहायची. बॅटरी बदलली असेल तर कंपनीची टाकली की बाहेरची, तेही सांगायचं. ६२ टक्के लिहिलं म्हणून माल पडून राहत नाही हो, ज्याला टेबलावरच वापरायचाय तो खुशीने घेतो. पण त्याला ठरवू तर द्या!

चार्जर? ‘सर्व अ‍ॅक्सेसरीजसह’ लिहा आणि ६५ वॅटच्या लॅपटॉपबरोबर ४५ वॅटचा खोक्यात टाका. नुसता मेल उघडला तर चार्ज होतोच की. जड काम लावल्यावर चार्जिंग रेंगाळतं किंवा बॅटरी उलटी उतरायला लागते, तेव्हा दोष बॅटरीला देता येतो.

बायॉसला आधी तो लॅपटॉप वापरणाऱ्या कंपनीचा पासवर्ड असेल तर गप्प बसा.

वॉरंटीबाबत ‘१ वर्ष’ पुरे. कोणाची, ते कशाला? वाचणाऱ्याला वाटेल उत्पादक कंपनीची, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये सीरियल नंबर टाकल्यावर कळेल की ती केव्हाच संपली. मग तो तुमच्याकडे येईल. तेव्हा सांगा की बॅटरी आणि अडॅप्टर वॉरंटीत धरत नाही, कुरिअरचा खर्च तुमचा, आणि दुरुस्त झालं नाही तर ‘बघू’.

बास झालं. ही लबाडी आहे, आणि ती करणाऱ्यांना ती लबाडी आहे हे ठाऊक असतं. मशीन तपासताना या सगळ्या नोंदी तुम्ही करताच, मग विक्रीच्या पानावर येईपर्यंत त्या कुठे गळतात? नीट लिहायला पाच-सहा ओळी लागतात. बाहेरून: झाकणावर दोन बारीक ओरखडे, हातभर अंतरावरून दिसत नाहीत, डाव्या कोपऱ्यात पोचा, फोटो सोबत. स्क्रीन: डाग नाही. बॅटरी: मूळची, ६२ टक्के, व्हिडिओवर अमुक मिनिटं. सोबत: ६५ वॅटचा चार्जर, दुसऱ्या कंपनीचा, बॅग आणि माउस दोन्ही नाहीत. वॉरंटी: आमची, पोचल्याच्या तारखेपासून सहा महिने, मदरबोर्ड, स्क्रीन, कीबोर्ड धरून, बॅटरीला एक महिना, नेण्या-आणण्याचा खर्च आमचा, दुरुस्त न झाल्यास पैसे परत. आणि बॅटरीला एक दिवसाचीही द्यायची नसेल तर तसं लिहा, त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरात. खाली बारीक टाइपात नाही.