पुसलं म्हणजे धुतलं का?

“उन्हाळ्यात फेसवॉश विसरा! मायसेलर वॉटर म्हणजे शुद्ध पाणी, त्यात साबण नसतो. त्यातले कण घाण चुंबकासारखी ओढून घेतात, म्हणून नंतर चेहरा धुवायचा नाही. आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्यापेक्षा हे शंभरपट चांगलं. मैत्रिणींना पाठवा.”

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर हा मेसेज उन्हाळाभर फिरतो आणि औषधाच्या काउंटरवर बसणाऱ्या माझ्यासारखीला रोज कुणीतरी तो मोबाइलवर दाखवतं. क्षाराच्या पाण्याची तक्रार खरी आहे, म्हणून बाकीचंही लोकांना पटतं. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

मायसेलर वॉटर म्हणजे कापसावर घेऊन चेहरा पुसायचं, बाटलीत मिळणारं पाणी. ते शुद्ध आहे का, हे आधी बघू. बाटली घट्ट बंद करून दहा-बारा वेळा जोरात हलवा. वर फेसाचा थर येतो आणि बराच वेळ टिकतो. नुसत्या पाण्याला असा फेस येत नाही. मी हे एका काकूंना करून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “व माय, हाई ते साबनच शे!” अगदी साबण नाही, पण त्याच कामाचा सौम्य भाऊबंद. लेबलवर बारीक अक्षरांत पोलोक्झॅमर, डेसिल ग्लुकोसाइड किंवा पेग-६ कॅप्रिलिक कॅप्रिक ग्लिसराइड्स यांपैकी काहीतरी असतं. यांच्या प्रत्येक रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त झाले की हे रेणू तेलाकडची टोकं आत वळवून गोळा होतात. त्या गोळ्याला म्हणतात मायसेल. कापूस त्वचेवर टेकला की ती टोकं चेहऱ्यावरच्या तेलात शिरतात आणि तेल, धूळ, मेकअप सैल करून कापसाकडे नेतात. चुंबकाचा यात काही संबंध नाही.

आणि हे काम मोजूनमापून होतं. कापसाच्या एका चकतीवर साधारण ३-४ मिली पाणी बसतं आणि त्यातले बहुतेक थेंब खरोखरच पाण्याचे असतात. साफ करणारा भाग अगदी थोडा. चेहऱ्यावर हलकी पावडर असेल तर तेवढा पुरतो. तेल जास्त असेल तर तो लवकर संपतो आणि पुढे कापूस घाण उचलत नाही, नुसती इकडून तिकडे फिरवतो.

आता न धुण्याचा मुद्दा. बाटलीवर तसं लिहिलेलं असतं आणि ते धडधडीत खोटं नाही. हे घटक सौम्य असतात, प्रमाण कमी असतं, बऱ्याच जणींना त्रास होत नाही. पण कापूस सगळं शोषून घेत नाही. चेहऱ्यावर ओलसर थर राहतो, त्यातलं पाणी उडून जातं आणि तेलाला धरणारे रेणू, ग्लिसरीन, प्रिझर्व्हेटिव्ह आणि अर्धवट सुटलेला मेकअप मागे उरतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे गेला की ते पाणी उडायला मिनिटही लागत नाही. पुसल्यावर दहा मिनिटांनी गालावर बोट फिरवा, किंचित चिकट लागतं. हात ओला करून चोळा. कधीकधी बारीक फेसही येतो. ज्यांची त्वचा कोरडी, खाजरी किंवा एक्झिमाची आहे, त्यांना हाच उरलेला थर जळजळतो. डोळ्यांच्या कडांनाही तो झोंबतो. साध्या पाण्याचे दोन हबके मारले की बहुतेक निघून जातो, मग एवढ्याशा कामाचा कंटाळा कशाला?

खरी गडबड सनस्क्रीनची. एक कॉलेजची मुलगी रोज स्कूटीवर भुसावळहून ये-जा करते. सकाळी घाम-पाण्याला टिकणारं सनस्क्रीन, डोळ्यांत काजळ, वरून तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फ. रात्री दोन चकत्यांनी पुसून झोपायची. कानापासून जबड्याच्या कडेला आणि कपाळावर बारीक पुरळ उठलं, तेव्हा ती पिंपल्सची क्रीम मागायला आली. मी तिला आधी एक करून बघायला सांगितलं. पुसून “स्वच्छ” झालेल्या चेहऱ्यावर पाण्याचे थेंब टाकायचे. तिच्या गालाच्या मध्यावर पाणी पसरलं. पण जबड्याच्या कडेला, नाकाच्या बाजूला आणि केसांच्या रेषेशी थेंब मण्यांसारखे घरंगळले. म्हणजे तिथे सनस्क्रीनचा थर शाबूत होता. टिकाऊ सनस्क्रीनमध्ये पाण्याला न जुमानणारं आवरण बनवणारे घटक मुद्दाम घातलेले असतात. पाण्यात थोडेसे मायसेल असलेला कापूस वरवरचं उचलतो, बाकीचं पातळ करून पसरवतो. त्यात घाम आणि रस्त्याची धूळ मिसळते आणि वर स्कार्फ दिवसभर घासत राहतो.

तिला सांगितलं ते एवढंच. डोळ्यांवर ओली चकती पंधरा-वीस सेकंद नुसती टेकवून ठेवायची, मग खाली ओढायची, घासायचं नाही. चेहरा पुसताना चकती मळली की बदलायची. त्यानंतर सौम्य फेसवॉश ओल्या चेहऱ्यावर जवळपास मिनिटभर हळू फिरवायचा, जबडा आणि केसांची रेषा न विसरता, मग कोमट पाण्याने धुवायचं. स्कार्फही रोज धुवायचा. जबड्याकडचा चिकटपणा गेला. पुरळ फेसवॉशनेच बरं होतं असं मी म्हणणार नाही, ते न थांबलं तर त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं, हेही तिला सांगितलं. वॉटरप्रूफ काजळ किंवा नवरीचा मेकअप असेल तर साधं मायसेलर पाणी हात टेकतं. तिथे तेलाचा थर वेगळा दिसणारी, हलवून वापरायची बाटली घ्यावी आणि नंतर चेहरा धुवावाच.

राहिलं क्षाराचं पाणी. बोअरचं पाणी जड असतं, बादलीच्या आत पांढरा थर बसतो, तोंड धुतलं की ताणल्यासारखं वाटतं. मायसेलर पाणी पहिल्यांदा फ्रान्समध्ये नावारूपाला आलं आणि पॅरिसच्या नळाचं पाणीही जडच आहे. पण दोष कुणाचा ते बघा. पाण्यातलं कॅल्शियम अंगाच्या साबणाशी मिळून न विरघळणारा चोथा बनवतं, तोच त्वचेवर बसतो. साबणाचा पीएच ९-१० असतो, म्हणजे त्वचेपेक्षा बराच चढा. तोंडाला साबण लावणं सोडा. सौम्य फेसवॉशचा तसा चोथा होत नाही. तरी पाण्याची भीती असेल तर शेवटचा हात घरातल्या जारच्या पाण्याने फिरवा, एक तांब्या पुरतो.

धुणंच जमत नसेल तेव्हा मात्र मायसेलर पाणी उपयोगी पडतं. नळाला पाणी आलेलं नाही, रात्रीची रेल्वे आहे, घरात कुणी अंथरुणाला खिळलं आहे. अशा वेळी मायसेलरच्या चकतीनंतर साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या दोन चकत्या फिरवायच्या, दुसरी पहिलीपेक्षा कमी मळते. तिच्यावरही पिवळट डाग येत असेल तर तिसरी घ्यायची. चकत्या महाग वाटत असतील तर जुन्या सुती धोतराचे स्वच्छ धुतलेले तुकडे चालतात, फक्त एक तुकडा दोनदा वापरू नका.