दोन मिनिटांसाठी पाठ केलेली सहल

«आयेल्ट्समध्ये क्यू कार्डवर पूर्ण दोन मिनिटे बोललेच पाहिजे, आणि परीक्षकाने मध्येच थांबवले तर बँड गेला. सहलीची एकच गोष्ट पाठ करून ठेवा, ती कुठल्याही विषयाला वळवता येते. बोलताना एक सेकंदही थांबू नका.»

हा संदेश माझ्या भाचीला तिच्या नर्सिंगच्या मैत्रिणींच्या गटातून आला आणि तिने पंधरा दिवस गोव्याची सहल घोकण्यात घालवले. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करण्यासाठी तिला आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्यात ७ बँड, म्हणजे नऊपैकी सातची पातळी, हवा आहे, म्हणून हे हसण्यावारी नेता येत नाही.

वेळेचे आधी उरकते. मुलाखतीच्या दुसऱ्या भागात विषय लिहिलेले क्यू कार्ड देताना सांगितले जाते ते एक ते दोन मिनिटे बोलण्याचे. दोन मिनिटे झाली की परीक्षक वाक्य अर्धे असले तरी थांबवतो, कारण तिन्ही भाग मिळून सगळी मुलाखत ११ ते १४ मिनिटांत बसवायची असते. त्या थांबवण्याला गुण कापण्याशी काहीही देणेघेणे नाही. एवढे मात्र मान्य करावे लागेल, की चाळीस सेकंदांत गप्प बसणाऱ्याचे नुकसान होते, कारण परीक्षकाला जोखायला पुरेसे बोलणेच मिळत नाही.

पाठांतराचा सल्ला मात्र सरळसरळ घातक आहे. मी भाचीला सरावासाठी कार्ड दिले: घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूविषयी बोला, ती काय आहे, घरात कशी आली, कशासाठी वापरतात आणि ती तुम्हाला महत्त्वाची का वाटते. तिने पहिल्या वाक्यात आजीचे शिलाई मशीन सांगितले, दुसऱ्यात त्या मशीनवर शिवलेला फ्रॉक घालून ती गोव्याला निघाली, आणि पुढचे दीड मिनिट समुद्रकिनारा, सूर्यास्त व मासळीचे ताट. वेग एकदम वाढला, आवाजातले चढउतार गेले, आणि एरवी न वापरले जाणारे भारदस्त शब्द एकामागून एक आले. हा बदल मला स्वयंपाकघरातून कळला. समोर बसलेल्या प्रशिक्षित परीक्षकाला कळणार नाही, हे कशाच्या जोरावर म्हणायचे? या परीक्षेचे गुणनिकष जाहीर आहेत. पाठ केलेल्या उद्गारांचा उल्लेख त्यांत ३ बँडच्या आणि त्याखालच्या रकान्यांत आहे. शिवाय तिसऱ्या भागातले प्रश्न कार्डच्याच विषयातून निघतात. लोक जुन्या वस्तू का जपतात, दुरुस्त करण्याऐवजी नवे का घेतात, असे विचारले की गोव्याचा किनारा उपयोगी पडत नाही. गोष्ट खरी आहे का हे कोणी तपासत नाही, हे खरे. पण घडलेली गोष्ट सांगताना पुढचे वाक्य शोधावे लागत नाही, हाही हिशेब असतो.

थांबण्याविषयी तर तेच निकष उलटे बोलतात. काय सांगावे याचा विचार करताना माणूस थांबला, तर ते थांबणे ८ आणि ९ बँडमध्येही चालते. बोलणे खाली खेचते ते शब्द किंवा वाक्यरचना शोधताना वारंवार अडखळणे. ‘यू नो, यू नो’ने भोके बुजवणारा नेमके हेच अडखळणे उघड करतो.

मुद्दे संपतात ते वेगळ्याच कारणाने. कार्डवर चार उपप्रश्न असतात आणि उमेदवार प्रत्येकाला एकेका वाक्यात उत्तर देऊन मोकळा होतो. तयारीला एक मिनिट, कागद आणि पेन्सिल मिळते. त्यात पूर्ण वाक्ये लिहायला घेतली तर दोनच वाक्ये होतात, म्हणून सुटे शब्दच लिहावेत. भाचीने दुसऱ्या खेपेला लिहिले ते असे: काळे, पायाचे, दुपार, परकर, सुई तुटली, आता मीटरजवळ, विकले असते तर. ‘दुपार’वर ती रमली: आजी जेवणे उरकल्यावर मशीनवर बसायची, खाली पाय हलायचे आणि फरशी थरथरायची. त्या ओघात इंग्रजीतले ‘यूज्ड टू’ आपोआप चार वेळा आले. ‘सुई तुटली’ने एक नेमका प्रसंग दिला, म्हणजे साधा भूतकाळ, ‘मीटरजवळ’ने आजचे दिवस आणले, ‘विकले असते तर’ने जर-तरचे वाक्य. काळ बदलत गेला की सांगायलाही सापडते आणि व्याकरणाची विविधताही ओढूनताणून आणावी लागत नाही. एक चूक तिने केली: मशीनचे भाग सांगायला गेली, ‘पायटा’ला इंग्रजी शब्द सापडेना आणि ती अडकली. ज्याला शब्द नाही त्या तपशिलात शिरू नये. ‘पायाने चालवायची पट्टी’ असे सांगून पुढे जावे.

सुई तुटल्यावर आजोबा सायकलवर बाजारात गेले, इथपर्यंत ती आली होती तेव्हा दोन मिनिटे झाली आणि मी तिला थांबवले. तिने घाबरून विचारले, “मावशी, बँड गेला का?”